रेकॉर्डिंग आलंच नाही, मजकूर आला

दिवाळी अंकाच्या कामात दरवर्षी असा एखादा ईमेल येतोच. ‘सोबत मुलाखतीचं रेकॉर्डिंग जोडलं आहे, कृपया शब्दांकन करून घ्यावं.’ खाली दोन-अडीच पानांचा मजकूर असतो आणि जोडलेलं काहीच नसतं. संपादक घाईत असला तर तो मजकूरच शब्दांकन समजून पुढे सरकवतो, उपसंपादक त्याचं शुद्धलेखन तपासतो आणि अंक छापून येतो. मुलाखत देणाऱ्या माणसाचा आवाज या साखळीतल्या कुणीही ऐकलेला नसतो.

फाइल न येण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. फोनवर नेहमीच्या दर्जात केलेलं एक तासाचं रेकॉर्डिंग साठ एमबीच्या आसपास भरतं आणि जीमेल पंचवीस एमबीच्या वरची फाइल जोडून घेत नाही. मग ती गूगल ड्राइव्हवर जाते आणि ईमेलमध्ये नुसती लिंक उरते. ती उघडायची परवानगी द्यायला पाठवणारा विसरला, तर आपल्यासमोर बंद दार. दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. आलेल्या ईमेलला ‘रिप्लाय’ केलं की आधीच्या ईमेलला जोडलेल्या फाइली सोबत जात नाहीत, ‘फॉरवर्ड’ केलं तरच जातात. तिघांच्या हातून फिरलेल्या पत्रव्यवहारात मजकूर शेवटपर्यंत टिकतो आणि आवाज मधेच कुठेतरी गळतो. यावर उपाय सोपा आहे. तासाचं रेकॉर्डिंग वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत पाठवावं किंवा लिंक पाठवून ती दुसऱ्याच्या फोनवर उघडते का ते बघावं, आणि ईमेलमध्येच लिहावं की फाइल इतक्या मिनिटांची आहे, तीत इतकी माणसं बोलतात. घेणाऱ्यानेही फाइल आल्या आल्या सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी ऐकून बघावी. अर्ध्यावर तुटलेली फाइल पहिल्या मिनिटात ठणठणीत वाजते.

खरा प्रश्न त्या दोन-अडीच पानांचा आहे. तो मजकूर नेमका काय आहे? कुणीतरी रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द उतरवलेला, ऐकून आटोपशीर केलेला, की मुलाखत झाल्यावर घरी येऊन आठवणीतून लिहिलेला? या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि आपल्याकडे तिन्हींवर ‘शब्दांकन’ हीच पट्टी लावायची पद्धत आहे. मला ती पद्धत मुळीच पसंत नाही.

ओळखायची एक कच्ची पण उपयोगी रीत म्हणजे शब्द मोजणं. निवांत बोलणारा मराठी माणूस मिनिटाला ढोबळमानाने शंभर शब्द बोलतो. कुणी जास्त, कुणी कमी. म्हणजे पन्नास मिनिटांच्या मुलाखतीचे पाच हजारांच्या आगेमागे शब्द व्हायला हवेत. आलेला मजकूर नऊशे शब्दांचा असेल तर तो सारांश आहे, पाठवणाऱ्याने त्याला काहीही नाव दिलेलं असो. दुसरी खूण वाक्यांची. बोलताना माणूस वाक्य अर्धवट सोडतो, परत मागे येतो, स्वतःलाच दुरुस्त करतो. सगळी वाक्यं कर्ता-कर्म-क्रियापदाच्या शिस्तीत चालत असतील, तर मधे दुसऱ्या कुणाचा तरी हात फिरला आहे.

आवाज मागितला आणि मजकूर मिळाला, याचं सर्वात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि तिथे फाइल वाटेत गळाली नव्हती. अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी फेब्रुवारी १९७१मध्ये आपल्या कार्यालयात गुप्त ध्वनिमुद्रणाची यंत्रणा बसवून घेतली. त्यांच्या टेबलात मायक्रोफोन दडवलेले होते, कुणी बोलायला लागलं की टेप आपोआप सुरू व्हायची. टेप पातळ होती आणि जास्तीत जास्त वेळ पुरावी म्हणून फार संथ फिरवली जायची. त्यामुळे आवाज खरखरीत यायचा आणि कपबशीचा खणखणाट माणसाच्या बोलण्यावर चढायचा. जुलै १९७३मध्ये अलेक्झांडर बटरफील्ड यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना या यंत्रणेचं गुपित फोडलं आणि वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करणारे सगळे त्या टेपा मागू लागले.

निक्सन यांचं पहिलं उत्तर होतं, टेपा नाही, गोषवारा देतो. सिनेटर जॉन स्टेनिस यांनी टेपा ऐकाव्यात आणि लेखी गोषवारा बरोबर असल्याचं सांगावं, असा प्रस्ताव त्यांनी ऑक्टोबर १९७३मध्ये मांडला. स्टेनिस यांना ऐकायला कमी येतं, हे वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांनी हा प्रस्ताव नाकारला आणि २० ऑक्टोबरला त्यांना पदावरून काढण्यात आलं. पुढे एप्रिल १९७४मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने बेचाळीस संभाषणांच्या टेपा हजर करायचा हुकूम काढला. तेव्हा निक्सन २९ एप्रिलच्या रात्री टीव्हीवर आले आणि शेजारी रचलेल्या फायलींच्या थप्पीकडे बोट दाखवून म्हणाले की त्यात सगळं आलं आहे. मजकूर बाराशेहून अधिक पानांचा होता. टेप त्यात एकही नव्हती.

त्या पानांत अमेरिकन वाचकांना जागोजाग कंस दिसले. शिवी आली की ‘एक्स्प्लेटिव्ह डिलीटेड’, म्हणजे अपशब्द गाळला. ऐकू न आलेल्या जागी ‘अनइंटेलिजिबल’, अस्पष्ट. चर्चा त्या गाळलेल्या शिव्यांचीच जास्त झाली, विनोद झाले, फलक रंगवले गेले. मला विचाराल तर ‘गाळलं’ असं लिहिणारा कंस निदान प्रामाणिक असतो, तिथे काहीतरी होतं हे तो सांगतो. धोका असतो तो ‘अस्पष्ट’ या कंसाचा आणि कंसच नसलेल्या जागेचा.

समितीच्या हाती काही टेपा न्यायालयामार्फत आधीच आल्या होत्या. तिच्या माणसांनी चांगल्या यंत्रांवर त्या पुन्हा पुन्हा ऐकल्या आणि जुलै १९७४मध्ये आठ संभाषणांचे दोन्ही पाठ शेजारी शेजारी छापून प्रसिद्ध केले. व्हाइट हाउसच्या पाठात ‘अस्पष्ट’ असलेल्या कितीतरी जागी समितीला शब्द ऐकू आले होते. २२ मार्च १९७३च्या संभाषणातला एक उतारा तर व्हाइट हाउसच्या पाठात नव्हताच. काहीही होवो, आपल्या माणसांनी चौकशीपुढे तोंड उघडू नये, लपवाछपवी करावी लागली तरी चालेल, या आशयाचं निक्सन यांचं बोलणं त्यात होतं. त्याच दिवशीच्या बोलण्यातली दुसरी एक जागा शब्दांकन करणाऱ्यांनी भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. व्हाइट हाउसने उतरवलं होतं ‘गेट ऑफ द कव्हर-अप लाइन’, म्हणजे लपवाछपवीची वाट सोडणं. समितीला ऐकू आलं ‘गेट ऑन विथ द कव्हर-अप प्लॅन’, म्हणजे लपवाछपवीची योजना पुढे नेणं. खरखरीत टेपवर ‘ऑफ’ आणि ‘ऑन’, ‘लाइन’ आणि ‘प्लॅन’ यांत किती अंतर असतं? ऐकणारा मुद्दाम फसवत असेलच असं नाही. जे ऐकायची त्याची इच्छा आहे, ते त्याला ऐकू येतं. टेप शिल्लक होती म्हणून दुसऱ्या कुणाला तरी ती जागा पुन्हा ऐकता आली. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी उरलेल्या टेपा द्यायला लावल्या आणि ९ ऑगस्टला निक्सन यांनी पद सोडलं.

आपल्या मासिकांत येणाऱ्या मुलाखतींवर कुणाचं राज्य पालथं होत नाही, पण चुका याच जातीच्या असतात. आता एक नमुना घेऊ. तो मी रचलेला आहे, मात्र त्यातली प्रत्येक चूक या कामात रोजच्या भेटीतली आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. समजा, त्या भागातल्या एका आजींच्या आठवणी त्यांच्या नातवाने फोनवर रेकॉर्ड केल्या. रेकॉर्डिंगमध्ये आजी म्हणतात:

‘म्हंजी कसं… पहाट व्हती, पहाट. चारचा टाइम आसंल. मी— सासूबाय उठलेल्या, जात्यावर. आन् आवाज आला, धाड-धाड-धाड. मला वाटलं धरान फुटलं. [थांबतात] धरान न्हाय, भुई. भुई हालत व्हती. आन् मग काय, दिलं की सरकारनं घर. [हसतात] दिलं.’

आणि संपादकाकडे आलेला मजकूर असा असतो:

‘भूकंप झाला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. मी जात्यावर दळत होते. मोठा आवाज झाला. प्रथम मला धरण फुटल्यासारखे वाटले, पण तो भूकंप होता. नंतर सरकारने आम्हाला घर दिले.’

वाचायला सुबक आहे. पण जात्यावर कोण होतं? आजींनी ‘मी’ म्हणून वाक्य सुरू केलं, सोडलं आणि सासूबाईंचं सांगितलं. मजकूर लिहिणाऱ्याने सोडलेला ‘मी’ पुढच्या क्रियापदाला जोडून टाकला. ‘चारचा टाइम आसंल’ हा अंदाज होता, त्याचं ‘चार वाजले होते’ असं विधान झालं. भूकंप प्रत्यक्षात चार वाजून एकवीस मिनिटांनी झाला, म्हणजे आजींचा अंदाज चांगलाच होता, पण तो अंदाज आहे हे कळण्यालाच किंमत आहे. आणि शेवटचं वाक्य तर पूर्ण उलटलं. ‘दिलं की’ आणि त्यानंतरचं हसू ऐकलेल्या कुणालाही कळलं असतं की घर मिळालेलं नाही, निदान धड मिळालेलं नाही. मराठीत आपण नुसत्या सुरावर होकाराचा नकार करतो. ‘हो, आला ना मदतीला’ हे वाक्य कागदावर आभाराचं आहे आणि ओसरीवर टोमण्याचं. छापलेल्या अंकात मात्र सरकारने आजींना घर दिलं. उद्या कुणी पुनर्वसनावर प्रबंध लिहिताना हाच अंक पुरावा म्हणून काढेल.

मग हे बोलणं कागदावर उतरवायचं कसं? पहिला निर्णय असतो तो किती उतरवायचं याचा. न्यायालयात, संशोधनात किंवा बोलीच्या अभ्यासात प्रत्येक अडखळणं लागतं. मासिकाला लागत नाही. ‘म्हंजी कसं’ आणि दुसऱ्यांदा आलेलं ‘पहाट’ गाळलं तर आजींवर अन्याय होत नाही, वाचकाची सोय होते. तुटलेला ‘मी’ही काढता येईल, मात्र तो काढायचा, पुढे ढकलून जोडायचा नाही. स्वतःची दुरुस्ती, ‘धरान न्हाय, भुई’, ही ठेवायलाच हवी. त्या दोन शब्दांमध्ये एका बाईच्या मनातली भीती एका गोष्टीवरून दुसरीवर गेली आहे. ‘आसंल’सारखे अंदाजाचे शब्द कधीही गाळू नयेत.

बोलीचं काय करायचं, यावर लोक भांडतात. ‘व्हती’चं ‘होती’ केलं की आजी शहरात राहायला गेल्यासारख्या वाटतात. सगळं जसंच्या तसं ठेवलं तर पाच पानांनंतर वाचक थकतो, आणि वाईट म्हणजे त्याला आजी अडाणी वाटू लागतात. प्रश्न विचारणारा नातूही घरी तसंच बोलत असतो, पण त्याचे प्रश्न मात्र झाडून प्रमाण मराठीत छापले जातात. ही लबाडी मला सर्वात जास्त खुपते. माझी पद्धत अशी की शब्द, क्रियापदांची रूपं आणि वाक्याची चाल बोलीतली ठेवायची, उच्चाराचे बारकावे थोडे सैल करायचे, आणि हा नियम दोघांनाही सारखाच लावायचा. शिवाय देवनागरीत सगळा उच्चार मावतही नाही. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च आपण वेगळे बोलतो आणि एकाच अक्षराने लिहितो.

दुसरी गोष्ट कंसांची. बोलणाऱ्याचे शब्द आणि उतरवणाऱ्याचे शब्द एकमेकांत मिसळता कामा नयेत. उतरवणारा जे स्वतः सांगतो, हसू, थांबणं, बाहेर गेलेली एसटी, ते सगळं चौकोनी कंसात. शब्द ऐकू आला नाही तर [अस्पष्ट, १२:४०] असं लिहायचं, म्हणजे बाराव्या मिनिटाच्या चाळिसाव्या सेकंदाला. वेळ न लिहिलेला ‘अस्पष्ट’ हा नुसता खड्डा असतो, वेळ लिहिली की दुसऱ्याला तिथे जाऊन कान लावता येतो. अंदाज असेल तर प्रश्नचिन्हासह, [धरणाखाली?] असा. तीन टिंबांचा आपल्याकडे फार घोळ होतो. कुणी ती बोलणारा थांबला म्हणून देतो, कुणी मजकूर कापला म्हणून. थांबण्याला टिंबं, वाक्य तुटलं तर आडवी रेघ आणि संपादकाने कापलं तर कंसातली टिंबं, असं ठरवून घ्यावं आणि मजकुराच्या डोक्यावर एका ओळीत लिहून ठेवावं. आकडे बोलले तसे अक्षरांत उतरवून शेजारी कंसात अंकांत लिहावेत, ‘सदुसष्ट [१९६७]’ असे. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत घाईच्या कानाला फरक कळत नाही. साडेतीनशे आणि साडेतीन हजारांत तर शेवटचा शब्द गिळला की संपलंच.

कामाला वेळ लागतो. स्वच्छ आवाजाचं एक तासाचं रेकॉर्डिंग नीट उतरवायला सरावलेल्या माणसालाही चार-पाच तास जातात, बोली अनोळखी असेल किंवा चौघं एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त. आधी काहीही न लिहिता पूर्ण ऐकावं, म्हणजे आवाजाची, नावांची आणि विषयाच्या वळणांची ओळख होते. मग पाच-सात सेकंदांच्या तुकड्यांनी लिहावं. त्याहून लांब तुकडा घेतला की आपण ऐकलेलं लिहीत नाही, समजलेलं लिहितो, आणि जात्यावरची सासूबाई अशीच हरवते. शेवटी लिहिलेला कागद समोर धरून रेकॉर्डिंग पुन्हा पूर्ण ऐकावं, जमलं तर दुसऱ्या दिवशी. अडलेल्या जागा त्याच भागातल्या माणसाला ऐकवाव्यात. त्याला आपला अंदाज आधी सांगू नये. आपण सांगितलं की त्यालाही तोच शब्द ऐकू येऊ लागतो.

कधी कधी आवाज येणं शक्यच नसतं. फोन बिघडलेला असतो, बोलणाऱ्याने रेकॉर्डिंग बाहेर देऊ नको असं सांगितलेलं असतं किंवा मुळात रेकॉर्डिंग झालेलंच नसतं, फक्त वहीत टिपणं असतात. अशा वेळी मजकूर फेकून द्यायचा नसतो. त्याच्या वर त्याची कुळकथा लिहायची असते: कुणी ऐकलं, कधी, रेकॉर्डिंगवरून की टिपणांवरून की आठवणीतून, किती दिवसांनी लिहिलं, रेकॉर्डिंग आज कुणाकडे आहे. आठवणीतून लिहिलेल्या मजकुराला अवतरणचिन्हं लावू नयेत. ‘आजींनी सांगितलं की पहाटे मोठा आवाज झाला आणि त्यांना आधी धरण फुटल्याची भीती वाटली,’ एवढंच लिहावं. अवतरणचिन्ह म्हणजे हे शब्द याच माणसाच्या तोंडचे आहेत अशी हमी असते, आणि आठवणीला ती देता येत नाही. ज्याच्याकडे रेकॉर्डिंग आहे पण पाठवता येत नाही, त्याला सगळं लिहून पाठव म्हणण्यापेक्षा महत्त्वाच्या तीन-चार जागा वेळेसह शब्दशः उतरवून माग आणि उरलेल्याचा सारांश माग. चाळीस मिनिटांच्या घाईच्या उताऱ्यापेक्षा चार मिनिटांचा खात्रीचा उतारा कामाचा असतो.

उतरवलेला मजकूर बोलणाऱ्याला वाचून दाखवायची चाल आपल्याकडे आहे आणि ती चांगली आहे. पण तिथे एक पेच येतो. स्वतःचे शब्द ऐकताना माणूस ते सुधारू लागतो. आजी म्हणतील, ते सरकारचं घराचं काढून टाक बाबा, उगाच कशाला. तो त्यांचा हक्क आहे, काढलंच पाहिजे. त्यांनी नवीन काही सांगितलं, म्हणजे जातं सासूबाईंचं नव्हतं, शेजारणीचं होतं, तर तेही घ्यावं, मात्र जुनं वाक्य खोडून त्याच्या जागी बसवू नये. खाली तारीख घालून लिहावं की वाचून दाखवल्यावर आजींनी ही भर घातली. मूळ फाइलला हात लावू नये. मजकुराला आणि फाइलला एकच नाव द्यावं, कोयना-आजी-१ असं काहीही, म्हणजे नातवाने फोन बदलला तरी कोणता कागद कोणत्या आवाजाचा हे शोधता येतं. नातवाला हेही सांगून ठेवावं की जुना फोन दुकानात देऊन टाकण्याआधी एकदा विचार.